इंजिन रूममधून धूर दिसला तर झाकण उघडू नका : बोटीवर नवीन चढलेल्यांसाठी

मी रत्नागिरीला बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, बरीच वर्षं झाली. ऑगस्टला सीझन चालू झाला की नवीन पोरं खलाशी म्हणून चढतात, काही आपल्याकडची असतात, बरीचशी नेपाळकडची, आणि त्यांना जाळं कसं ओढायचं, बर्फ कसा भरायचा हे सगळं पहिल्या दोन दिवसात शिकवतात पण आग लागली तर कुणी काय करायचं हे कुणीच सांगत नाही. फेरीबोटीवर हेल्पर म्हणून लागलेल्यांचंही तेच. म्हणून हे लिहितोय. सगळ्या प्रकारच्या आगींबद्दल नाही लिहिणार, मुख्यतः इंजिन रूमच्या आगीबद्दलच, कारण माझ्याकडे जळून आलेल्या बोटींमध्ये बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच झालेली असते.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, मग पुढचं सगळं तिच्यावरूनच समजेल.

दोन बोटी, सारखीच गळती

एक ट्रॉलर होता, लाकडी, सहा सिलिंडरचं इंजिन. रात्री अडीचच्या सुमाराला पूर्णगडच्या समोर असताना एका खलाश्याला केबिनमागच्या झाकणाच्या फटीतून धूर दिसला. पोरगं चांगलं होतं, धाडसी होतं, त्याने कुणाला हाक न मारता पळत जाऊन झाकण उचललं, बघायला की काय झालंय. आत तोपर्यंत आग मोठी नव्हती, धुमसत होती, कारण बंद खोलीत हवा संपत आली होती. झाकण उघडल्याबरोबर हवा आत गेली आणि ज्वाळा सरळ वर आली. त्याचे दोन्ही हात आणि तोंडाची एक बाजू भाजली. बाकीचे बाजूच्या बोटीवर उतरले म्हणून वाचले, बोट मात्र पहाटेपर्यंत पाण्याच्या रेषेपर्यंत जळाली.

त्याच्या दुसऱ्याच वर्षी दुसरी एक बोट, तिचंही जवळपास तसंच इंजिन, तिथेही पहिल्या बोटीसारखाच उरलेलं डिझेल परत नेणारा ओव्हरफ्लो पाईप तडकला. पण त्या बोटीवरचे तांडेल मामा जुने. धूर दिसल्यावर ते ओरडले "झाकणाला हात लावू नका रे कुणी!" आणि स्वतः स्टॉपर ओढून इंजिन बंद केलं, बाहेरचा डिझेलचा कॉक फिरवला, ओलं गोणपाट फटींवर टाकलं, आणि सगळ्यांना लाईफ जॅकेट घालून बोटीच्या पुढच्या टोकाला नाळेवर बसवलं. आग विझवायचा एक सिलिंडर फटीतून मारला. पाऊण तास कुणी झाकण उघडलं नाही. बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणली तेव्हा मी आत उतरलो होतो, वायरिंग वितळलेलं, रंग फुगलेला, फिल्टरची प्लास्टिकची वाटी खाली गळून पडलेली, पण लाकूड फक्त वरवर काळं झालेलं.

गळती सारखीच. फरक झाकणाचा आणि बाहेर असलेल्या कॉकचा.

पायरी 1 : आग कुठून लागते ते आधी बघून घ्या

डिझेल लवकर पेटत नाही असं सगळे म्हणतात, बालदीत काडी टाकली तर विझते हेही बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं, आणि त्यामुळेच लोक डिझेलला हलक्यात घेतात. पण गरम लोखंडावर पडलेलं डिझेल वेगळं वागतं. साधारण 250 अंशांच्या आसपास गरम झालेल्या पत्र्यावर डिझेल पडलं तर त्याला ठिणगीची गरजच नाही, ते आपोआप पेटू शकतं. आणि लोडवर चालणाऱ्या इंजिनाचं धूर बाहेर नेणारं मॅनिफोल्ड, टर्बो आणि सायलेन्सरचा सुरुवातीचा पाईप यापेक्षा खूप जास्त गरम असतात. म्हणजे इंजिन रूममध्ये पेटवणारी वस्तू चोवीस तास तयारच आहे, फक्त डिझेल तिथपर्यंत पोचायचं बाकी असतं.

ते पोचतं दोन रस्त्यांनी. एक, पंपापासून नोझलपर्यंत जाणारे लोखंडी पाईप, त्यात प्रेशर प्रचंड असतं, बारीक तडा गेला तर डिझेल थेंब थेंब न पडता धुक्यासारखं उडतं आणि ते धुकं मॅनिफोल्डवर गेलं की संपलं. हे पाईप हलू नयेत म्हणून त्यांना क्लिपा असतात, दुरुस्ती करताना क्लिप काढली आणि परत लावायला विसरले की पाईप थरथरून थरथरून नटाजवळ तडकतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बोटींवर एखादी तरी क्लिप नसतेच.

दुसरा रस्ता म्हणजे ओव्हरफ्लोचा बारीक रबरी पाईप. यात प्रेशर नसतं म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण इंजिनाच्या गरमीने हे रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं. इंजिन थंड असताना हा पाईप दोन बोटांत धरून वाकवा. नवीन असेल तर मऊ वाकतो, जुना असेल तर वाकवल्यावर आडव्या बारीक भेगा दिसतात, सुकलेल्या चिखलाला पडतात तशा, आणि नख मारलं तर नखाची खूण उमटत नाही. असा पाईप दिसला तर ड्रायव्हरला लगेच दाखवा, अगदी स्वस्तातली वस्तू आहे आणि बदलायला अर्धा तास लागतो. वर सांगितलेल्या दोन्ही बोटींवर हाच पाईप होता.

मग सायलेन्सर लाकडातून किंवा फायबरमधून जिथे वर जातो ती जागा. पाईपला गुंडाळलेलं ग्लासवूल किंवा दोरी तेलाने भिजून काळी झाली असेल तर ते गुंडाळण आता गरमी अडवत नाही, उलट तेच वातीसारखं पेटतं. भिजलेलं गुंडाळण पुसून चालत नाही, काढून नवीनच लावायला लागतं.

बॅटरीच्या बाबतीत एवढंच की ती सरकू नये, टर्मिनल घट्ट असावं आणि वर पाना पडणार नाही असं झाकण असावं. आणि इंजिनाखाली जे तेलकट पाणी साचतं ते रोज काढा. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वरून पेटतं डिझेल पडलं की अख्ख्या तळाला आग पसरते. तेलाने भिजलेलं वेस्ट आणि चिंध्या इंजिन रूमच्या कोपऱ्यात कोंबून ठेवायची सवय बहुतेक ड्रायव्हरांना असते, ती सोडायला लावा.

गॅसच्या सिलिंडरबद्दल थोडंच सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, घरात खिडकी उघडली की जातो तसा बोटीत जात नाही, खाली उतरून तळाला जाऊन बसतो आणि वर वास येणंही कमी होतं. म्हणून सिलिंडर वर उघड्यावर, उभा आणि बांधून ठेवायचा, आणि जेवण झालं की शेगडीचं बटण बंद करून भागत नाही, सिलिंडरचाच कॉक बंद करायचा.

पायरी 2 : लागणाऱ्या चार वस्तू इंजिन रूमच्या बाहेर आणा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण समुद्रात आग लागल्यावर तुमच्याकडे जे बाहेर आहे तेवढंच तुमचं.

डिझेलचा कॉक. बहुतेक बोटींवर टाकीचा कॉक इंजिनाच्या शेजारीच असतो, म्हणजे आग लागल्यावर तिथे हात पोचणारच नाही. कॉकच्या दांडीला जाड तार बांधून ती तार पाईपमधून केबिनच्या बाहेर आणता येते, ओढली की कॉक बंद. हे काम वेल्डरकडे अर्ध्या दिवसात होतं. बंद झालं की नाही हे इंजिन चालू असताना एकदा ओढून बघायचं, दोन-चार मिनिटांत इंजिन अडखळायला लागलं तर कॉक खरोखर बंद होतोय. नुसती तार लावून ठेवलेल्या आणि आत गंजून अडकलेल्या मी बघितल्यात. आणि टाकीवर नळीसारखी पारदर्शक प्लास्टिकची लेव्हल लावलेली असेल तर ती आगीत पहिली वितळते आणि अख्खी टाकी रिकामी होते, तिच्या खालच्या बाजूला कॉक असावा आणि तो एरवी बंदच ठेवावा.

इंजिन बंद करायचा स्टॉपर आणि पंख्याचा स्विच. पंखा चालू राहिला तर तो आगीला हवा पुरवत राहतो. पंखा आणि बॅटरीचा मेन स्विच दोन्ही बाहेर हवेत.

फायर एक्स्टिंग्विशर. आम्ही सगळे त्याला नुसतं सिलिंडर किंवा बाटला म्हणतो. तो इंजिन रूमच्या आत टांगलेला असतो, का तर आग तिथे लागणार म्हणून. पण मग आगीतून जाऊन तो आणणार कोण? दरवाज्याच्या बाहेर, तुम्ही जिथून पळाल त्या वाटेवर टांगा.

आणि चौथी वस्तू म्हणजे एक भोक. झाकणाला किंवा केबिनच्या फळीला दीड इंचाचं भोक पाडायचं आणि त्याला एका स्क्रूवर फिरणारी छोटी पितळी चकती लावायची. आग लागली की चकती सरकवून बाटल्याची नळी आत घालायची आणि मारायचं, झाकण उघडायचं कामच नाही. कुठल्याही सुताराकडून होईल. बाटल्याची नळी त्या भोकातून जाते की नाही ते मात्र आधी घालून बघा, सीओटू वायूच्या बाटल्याचं भोंग्यासारखं तोंड मोठं असतं, त्याला भोकही मोठं लागेल.

पायरी 3 : कुठला बाटला, किती, आणि चालू आहे की नाही

बोटीवर जास्त करून पावडरचा बाटला असतो, डीसीपी म्हणतात तो, 6 किलोचा. डिझेल, लाकूड, वायरिंग सगळ्यावर चालणारी एबीसी पावडर घ्या. नवीन माणसाला एक गोष्ट माहीत नसते की हा बाटला साधारण 15 ते 20 सेकंदच चालतो. तेवढ्यात संपतो. त्यामुळे लांबून घाबरून मारला तर सगळी पावडर वाऱ्यावर जाते. आणि पावडर ज्वाळा मारते पण लोखंड थंड करत नाही, म्हणून विझलं असं वाटून झाकण उघडलं की गरम मॅनिफोल्डवरचं डिझेल परत पेटतं, आणि तेव्हा तुमचा बाटला रिकामा असतो.

मारायची पद्धत साधी आहे. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या टोकाकडे न धरता मुळाशी धरा, दांडी दाबा, आणि झाडू मारल्यासारखी नळी डावी-उजवीकडे फिरवा. वारा पाठीवर घ्या. जुन्या प्रकारच्या बाटल्यात वरच्या खुंटीवर हाताने ठोसा मारायचा असतो, तुमच्या बोटीवर कुठला आहे ते आजच जाऊन बघा.

सीओटूचा बाटला बंद खोलीसाठी चांगला, पण किती लागतो याचा हिशोब कुणी करत नाही. तो असा : 1 किलो सीओटूमधून साधारण अर्धा घनमीटर वायू निघतो आणि आग गुदमरायला खोलीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास वायू लागतो. समजा तुमची इंजिन रूम अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि 1.8 मीटर उंच, म्हणजे सव्वाअकरा घनमीटर. त्याचे चाळीस टक्के साडेचार घनमीटर, म्हणजे 9 किलो सीओटू. बाजारात 4.5 किलोचा बाटला मिळतो, म्हणजे दोन लागतील, तेही फटी बंद असतील आणि इंजिन थांबलेलं असेल तर. इंजिन चालू ठेवून सीओटू मारलात तर इंजिन तो वायू ओढून सायलेन्सरमधून बाहेर फेकतं. आणि तो वायू भरलेल्या खोलीत माणूस गेला तर बेशुद्ध पडेल, हे लक्षात ठेवा.

मला विचाराल तर मध्यम ट्रॉलरला दोन 6 किलोचे पावडरचे बाहेर, आणि इंजिनाच्या वर छताला एक आपोआप फुटणारा बाटला टांगावा, ज्याला काचेची छोटी गोळी असते. गरमी वाढली की गोळी फुटते आणि पावडर खाली पडते, माणूस झोपलेला असला तरी. फक्त गोळीचा रंग बघून घ्या. लाल गोळी 68 अंशांना फुटते, पिवळी 79 ला आणि हिरवी 93 ला. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात बंद इंजिन रूमचं छत एरवीच इतकं तापतं की लाल गोळी विनाकारण फुटू शकते, आणि पावडर इंजिनाच्या फिल्टरमध्ये जाते ते वेगळंच. थर्मामीटर टांगून एक दिवस बघा, मग गोळी निवडा.

बाटला चालू आहे की नाही हे कळायला काटा हिरव्यात आहे का बघणं पुरत नाही. बोटीच्या थरथरण्याने पावडर खाली बसून घट्ट होते, दगडासारखी. महिन्यातून एकदा बाटला उलटा करा, कानाजवळ धरून हलवा, आत वाळू सरकल्यासारखा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर काटा हिरवा असला तरी तो बाटला निघणार नाही. सीओटूच्या बाटल्याला काटा नसतो, त्याचं वजन करायचं, बाटल्यावर रिकामं आणि भरलेलं वजन कोरलेलं असतं, आतला वायू दहा टक्क्यांहून कमी झाला असेल तर भरून आणायचा. खारी हवा लागून पिन गंजते, नळीच्या तोंडात किडे घर करतात, हेही बघा. सीझनला बंदी असते 1 जून ते 31 जुलै, तेव्हा बोट वर असते, सगळं भरून आणायला तोच वेळ, 30 जुलैला दुकानात गर्दी करू नका.

एखादा जुना, भरायला जाणारच आहे असा बाटला असेल तर तो भरायला देण्याआधी किनाऱ्यावर सगळ्या खलाश्यांना एकदा मारायला लावा. ज्याने एकदा हातात धरून मारलाय त्याला तो 15 सेकंदांत संपतो म्हणजे काय ते कळतं.

पायरी 4 : धूर दिसल्यावर पहिली पाच मिनिटं

आधी ओरडा. एकट्याने बघायला जाऊ नका. आपल्या बोटीवर तीन भाषांची माणसं असतात म्हणून एकच शब्द ठरवून ठेवा, "आग" हा शब्द सगळ्यांना कळतो, झोपेतल्या माणसालाही.

मग इंजिन बंद आणि डिझेलचा कॉक बंद, पंखा बंद. इथे तांडेलाने एक विचार करायचा असतो. मागे आग आहे आणि माणसं पुढे जमणार आहेत, तर नाळ वाऱ्याकडे असेल तर धूर आणि ज्वाळा मागे जातील, नाहीतर सगळा धूर माणसांच्या तोंडावर. इंजिन बंद करण्याआधी दोन-चार सेकंदांत बोट वळत असेल तर वळवा, पण आतून ज्वाळेचा आवाज येत असेल तर थांबू नका, आधी बंद करा, कारण इंजिन चालू आहे तोवर पंप डिझेल फेकत राहणार. किनाऱ्याजवळ कमी पाण्यात असाल तर नाळेवरून नांगर टाका, करंट जोराचा नसेल तर बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. हे मला त्या तांडेल मामांनी सांगितलं, मला इंजिनातलं कळतं पण हे डोक्यात आलं नसतं.

मग सगळ्या हवेच्या वाटा बंद करा, ओली गोणपाटं, ओली ताडपत्री, जे असेल ते. पाणी झाकणावर आणि बाजूच्या फळ्यांवर मारा, त्यांना थंड ठेवायला. आतल्या पेटलेल्या डिझेलवर बालदीने पाणी टाकू नका, डिझेल पाण्यावर तरंगून पसरतं आणि गरम लोखंडावर वाफेचा भपका होऊन पेटतं डिझेल अंगावर उडतं. आणि पाणी आत भरत राहिलात तर बोट आगीने नाही, पाण्याने जाईल.

हे चालू असताना दुसरा माणूस वायरलेसवर. व्हीएचएफ चॅनल 16 वर तीन वेळा "मे डे", मग बोटीचं नाव, जीपीएसवरची जागा, किती माणसं आहेत आणि इंजिन रूमला आग आहे एवढं. इंग्रजी येत नसेल तर हिंदीत बोला, मराठीत बोला. जीपीएसचे आकडे सगळ्यात आधी कागदावर लिहून घ्या, कारण बॅटरीचा मेन स्विच बंद केला किंवा वायरिंग जळालं की स्क्रीन जाते. वायरलेसला वेगळी छोटी बॅटरी केबिनच्या वर ठेवली असेल तर फार बरं. मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा 1554 नंबर. डॅट म्हणजे उपग्रहावरून मदतीचा इशारा पाठवणारं यंत्र असेल तर त्याचं बटण दाबा. आजूबाजूच्या बोटी सगळ्यात लवकर पोचतात, त्यामुळे लाज न बाळगता लगेच सांगा. आग विझली तर परत "ठीक आहे" सांगता येतं.

आता बाटला. भोक असेल तर भोकातून, नसेल तर झाकण बोटभर उचलून नळी आत, तोंड बाजूला, अंग खाली. झाकणाला आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, जवळ नेतानाच चटका लागत असेल किंवा रंगाला फोड आले असतील तर उचलूच नका. अंगात नायलॉनचा टीशर्ट असेल तर मारायला दुसऱ्याला पुढे करा, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

मारून झालं की झाकण बंद आणि थांबा. किमान अर्धा तास. हे थांबणं फार कठीण असतं, प्रत्येकाला उघडून बघायचं असतं. फळीला हात लावून बघत राहा, ती थंड होत चालली असेल तर तुम्ही जिंकताय. दोन्ही बाटले संपले आणि धूर वाढतच असेल, पायाखालचं डेक गरम लागायला लागलं, किंवा ज्वाळा केबिनपर्यंत आली, तर मग बोट सोडायची तयारी. नायलॉनच्या जाळ्यांना आग पोचली की ती हाताने विझत नाही. 28 फेब्रुवारी 2025 ला अलिबागजवळ आक्षीच्या समोर पहाटे एक मासेमारी बोट पेटली होती, जाळ्यांसकट बोटीचा बराचसा भाग जळाला, पण खलाशी सगळे सुखरूप निघाले. तेच महत्त्वाचं.

पायरी 5 : जॅकेट

जॅकेट आग विझवायच्या आधी घालायचं, बोट सोडताना नाही. पहिल्या मिनिटाला ज्यांच्या हातात काही काम नाही त्यांनी घालायचं आणि काम करणाऱ्यांना आणून द्यायचं.

पण आणायचं कुठून? मी बोटीत उतरतो तेव्हा जॅकेटं कुठे असतात बघतो, तर इंजिन रूमच्या वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, नाहीतर केबिनमध्ये गाद्यांच्या खाली. म्हणजे आगीच्या बरोब्बर वर. जॅकेटं नाळेकडच्या पेटीत ठेवा, जिथे माणसं जमणार तिथेच, आणि पेटीला कुलूप नको.

फोमचं जॅकेट घ्या, डीजी शिपिंगच्या मंजुरीचा शिक्का बघून. जुनं जॅकेट तपासायला बंदरातच कमरेएवढ्या पाण्यात घालून उभे राहा, पाय वर उचला, मान मागे सोडा. तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. फोम दाबून बघा, दाबल्यावर परत फुगत नसेल किंवा जॅकेट सुकवूनही जड लागत असेल तर ते पाणी प्यायलंय, फेकून द्या. जॅकेटावर बसायची, त्याची उशी करायची सवय असते, त्याने फोम मरतो. पट्टे सगळे बांधा, मांड्यांमधला पट्टा असेल तर तोही, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून कानापर्यंत येतं आणि माणूस खालून निसटतो.

उडी मारायची वेळ आलीच तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने उतरा. दुसऱ्या बाजूने उतरलात तर जळती बोट वाऱ्याने तुमच्यावरच सरकत येते, आणि पाण्यावर पसरलेलं पेटतं डिझेलही तिकडेच जातं. एक हात जॅकेटावर घट्ट दाबून, दुसऱ्याने नाक-तोंड धरून, पाय आधी. उंचावरून मारू नका, दोर सोडून उतरता आलं तर सगळ्यात चांगलं. पाण्यात गेल्यावर सगळ्यांनी एकमेकांना धरून एकत्र राहायचं, रिकामे कॅन आणि बोयरे आधीच टाकून ठेवले असतील तर ते धरायचे.

फेरीवर असाल तर एवढं जास्त

दाभोळ-धोपावे, दिघी-आगरदांडा, गेटवे-मांडवा, गोव्यात रायबंदर-चोडण, कुठेही असलात तरी फरक एकच, तुमच्या बोटीवरच्या बहुतेक माणसांना बोटीतलं काही माहीत नाही. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 माणसं गेली, आणि त्यानंतर गेटवेला जॅकेट घालूनच बसायची सक्ती झाली. तिथे आग नव्हती, पण जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही हे सगळ्यांनी बघितलं. आगीतही तसंच.

धूर दिसला की प्रवासी एका बाजूला पळतात आणि बोट कलते, आगीआधी बोट उलटायचा धोका तिथे. म्हणून हेल्परचं पहिलं काम आग विझवणं नाही, ते ड्रायव्हर आणि सारंग बघतील. तुमचं काम मधे उभं राहून मोठ्याने आणि शांतपणे सांगणं, "बसून राहा, जॅकेट घाला, पुढच्या बाजूला थोडे थोडे या". लहान मुलांची जॅकेटं वेगळी असतात, 15 किलोच्या खालच्या मुलांची वेगळी आणि 15 ते 43 किलोच्या मुलांची वेगळी. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर ते त्यातून खाली निसटतं. ती जॅकेटं कुठल्या पेटीत आहेत ते तुम्हाला अंधारात माहीत पाहिजे.

गाड्यांची फेरी असेल तर गाड्यांची इंजिनं बंद, हँडब्रेक लावलेला, आणि माणसं गाडीतून खाली. उन्हाळ्यात लोक एसीसाठी इंजिन चालू ठेवून आत बसतात, त्यांना सांगायला संकोच करू नका. डिझेल भरताना बोटीवर एकही प्रवासी नको.

विझल्यानंतर

झाकण उघडायची वेळ आली की बाटला हातात असलेला माणूस बाजूला उभा करूनच उघडा. आधी थोडं, मग पूर्ण, आणि लगेच आत उतरू नका, आत श्वास घ्यायला हवा नसते. धूर निघून जाऊ दे, मग एकाने कमरेला दोर बांधून उतरायचं आणि दुसऱ्याने वर दोर धरून थांबायचं.

आणि इंजिन परत चालू करू नका. वरून ठीक दिसतं, तांडेलालाही घरी जायची घाई असते, पण ज्या पाईपमधून डिझेल गळालं तो अजून तसाच तडकलेला आहे आणि आता वायरींचं कोटिंगही वितळलेलं आहे. त्या दुसऱ्या बोटीवर ड्रायव्हर स्टार्टर मारायला निघाला होता, मामांनी बॅटरीची वायरच काढून खिशात ठेवली. मी आत उतरलो तेव्हा स्टार्टरच्या दोन वायरी उघड्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्यांच्या खाली वीतभर डिझेल साचलं होतं.